ताळेबंद हरवला, गुणोत्तरे उरली

बारावी वाणिज्यचा एक विद्यार्थी एकदा सरावप्रश्नांची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला. पानाचा वरचा अर्धा भाग शाईच्या काळ्या पट्ट्यात गेलेला. खाली प्रश्न मात्र स्पष्ट होता : ‘वरील ताळेबंदावरून चालू गुणोत्तर व त्वरित गुणोत्तर काढा.’ शेवटच्या पानावरची उत्तरेही शाबूत होती, २.४ आणि १.५. त्याने विचारले, ‘सर, उत्तर हातात आहे, मग ताळेबंद परत मांडता येईल ना?’

मी त्याला लगेच ‘नाही’ म्हणालो आणि ते उत्तर अर्धेच बरोबर होते. ताळेबंद नसताना या दोन गुणोत्तरांवरून काय कळते, काय कळत नाही आणि कुठे कळल्याचा भास होतो, हा प्रश्न मग बराच काळ माझ्याबरोबर राहिला. लेखापालाच्या टेबलावर तो परीक्षेपेक्षा जास्त वेळा येतो. पुरात दप्तर वाहून जाते, भागीदार भांडून वह्या घेऊन जातो, किंवा बँकेच्या जुन्या फायलीत फक्त गुणोत्तरांचा तक्ता उरतो.

आधी त्या मुलाचा प्रश्न. चालू गुणोत्तर म्हणजे चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागणे. त्वरित गुणोत्तरात चालू मालमत्तेतून मालसाठा वजा करतात, कारण माल आधी विकला जावा लागतो आणि मग त्याचे पैसे यावे लागतात. चालू मालमत्ता, चालू देणी आणि मालसाठा हे तीन आकडे अज्ञात आहेत आणि हातात गुणोत्तरे दोनच. त्यामुळे २.४ आणि १.५ हे हातगाडीवाल्याचेही असू शकतील आणि साखर कारखान्याचेही. पण रुपयांतला एक जरी आकडा मिळाला, तरी चित्र बदलते. मुलाच्या कागदावर काळ्या पट्ट्याच्या कडेला एक ओळ वाचता येत होती : मालसाठा २,७०,०००.

दोन गुणोत्तरांतला फरक ०.९. हा फरक मालसाठ्यामुळेच पडलेला आहे. म्हणजे मालसाठा चालू देण्यांच्या ०.९ पट. २,७०,००० ला ०.९ ने भागले की चालू देणी ३,००,०००. त्यांच्या २.४ पट, म्हणजे ७,२०,००० ही चालू मालमत्ता. माल वजा केला की ४,५०,०००. त्याला तीन लाखांनी भागले की १.५. मुलगा खूश झाला. मीही झालो असतो, पण काळ्या पट्ट्याखाली अंधुक आणखी एक ओळ दिसत होती : बँक अधिकर्ष ६०,०००.

इथून खरी अडचण सुरू होते. आपल्याकडच्या अनेक पाठ्यपुस्तकांत त्वरित गुणोत्तर काढताना खालच्या बाजूला सगळी चालू देणी घेत नाहीत. बँक अधिकर्ष वगळून उरलेली ‘त्वरित देणी’ घेतात. कारण असे की अधिकर्ष वर्षानुवर्षे चालू राहतो, बँक तो सहसा अचानक परत मागत नाही. दुसरी पुस्तके त्याला इतर देण्यांसारखेच धरतात. आता दुसऱ्या व्याख्येने तोच हिशेब करून पाहू. चालू देणी ‘द’ मानली, तर २.४द मधून २,७०,००० वजा करायचे आणि त्याला (द उणे ६०,०००) ने भागले की १.५ यायला हवे. सोडवले की द येते २,००,०००. चालू मालमत्ता ४,८०,०००, त्वरित मालमत्ता २,१०,०००, त्वरित देणी १,४०,०००. भागाकार पुन्हा चोख १.५.

एकाच माहितीतून देणी तीन लाख की दोन लाख हे केवळ व्याख्येवर ठरले. शिवाय दोन्ही उत्तरे गोळीबंद आली. परीक्षेतला आकडा नेहमी ‘सरळ’ येतो, त्यामुळे सरळ आकडा आला की वाट बरोबर असणार, असे मुले धरून चालतात; इथे ती खूणही फसवी ठरली. यातून सुटण्याची वाट एकच, तिसरी माहिती. खेळते भांडवल कुठे दिले असेल, तर पहिल्या व्याख्येने ते ४,२०,००० आणि दुसरीने २,८०,००० यायला हवे. ऋणको, रोख आणि बँकशिल्लक यांपैकी दोन आकडे सापडले तरी त्यांची बेरीज दोन लाख दहा हजारांच्या वर जाते का, हे बघता येते. पूर्वदत्त खर्चाचेही असेच आहे. काही जण तो मालाबरोबर वजा करतात, काही करत नाहीत. पण ती रक्कम बहुधा लहान असते आणि फार घोळ घालत नाही. अधिकर्ष घोळ घालतो.

दुसरी अडचण पूर्णांकनाची आहे आणि तिच्याकडे वर्गात जवळपास कुणीच लक्ष देत नाही. उत्तर २.४ छापले म्हणजे ते २.३५ ते २.४५ यांपैकी काहीही असू शकते. १.५ चेही तसेच. मग फरक नेमका ०.९ नसून ०.८ ते १.० यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि चालू देणी २,७०,००० ते ३,३७,५०० यांच्या मध्ये. इथे नुकसान सोसण्यासारखे आहे. पण चालू गुणोत्तर एकाच्या जवळ असेल आणि आपण खेळत्या भांडवलावरून मागे जात असू, तर हिशेब पार कोलमडतो. समजा खेळते भांडवल एक लाख आणि चालू गुणोत्तर १.१ आहे. खेळते भांडवल हे देण्यांच्या ०.१ पट, म्हणून देणी दहा लाख. पण खरे गुणोत्तर १.०५ असेल तर देणी वीस लाख होतात आणि १.१५ असेल तर सहा लाख सदुसष्ट हजार. कागदावर तिन्ही ‘१.१’च. अशा वेळी गुणोत्तरावरून ताळेबंद उभा करणाऱ्याने एक आकडा लिहूच नये. पट्टा लिहावा, किंवा दोन दशांश मिळेपर्यंत थांबावे.

आता दुसऱ्या टोकाचे प्रश्न, ज्यांना ताळेबंद लागतच नाही. ‘धनकोंना रोख रक्कम दिली, चालू गुणोत्तर वाढेल की कमी होईल?’ यात फक्त एक गोष्ट माहीत हवी, गुणोत्तर एकाच्या वर आहे की खाली. वर आणि खाली सारखीच रक्कम वजा होते, त्यामुळे एकाहून मोठे गुणोत्तर आणखी मोठे होते, लहान आणखी लहान. मजा येते ती दोन गुणोत्तरे एकाच्या दोन बाजूंना असतात तेव्हा. चालू मालमत्ता १५ लाख, त्यातली त्वरित ८ लाख, देणी १० लाख : चालू १.५, त्वरित ०.८. दोन लाखांची देणी भागवली की चालू होते १.६२५ आणि त्वरित ०.७५. एकाच व्यवहाराने एक सुधारले, दुसरे बिघडले. ३१ मार्चच्या आठवड्यात धनकोंची देणी घाईने भागवून चालू गुणोत्तर सजवणाऱ्यांचे पितळ इथेच उघडे पडते. मार्चअखेरचे चालू गुणोत्तर वाढलेले, त्वरित घटलेले आणि एप्रिलमध्ये पुन्हा उधारीवर भरपूर खरेदी झालेली दिसली, तर ताळेबंद न बघताही मला शंका येते.

माल उधारीवर मूळ किमतीला विकला तर चालू गुणोत्तर जागचे हलत नाही, त्वरित वाढते. रोखीने माल घेतला तर उलट. या प्रश्नांची उत्तरे पाठ करण्याची गरजच नाही. कोणता आकडा भागाकाराच्या वर आहे आणि कोणता खाली, एवढे पाहिले की पुरे.

कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बदल झाला आणि कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांत अकरा गुणोत्तरे देणे बंधनकारक झाले. आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारण लिहायचे, आणि वर-खाली काय घेतले तेही सांगायचे. यात चालू गुणोत्तर आहे, मालसाठा, ऋणको आणि धनको यांची उलाढाल आहे, खेळत्या भांडवलाची उलाढाल आहे. त्वरित गुणोत्तर मात्र यादीत नाही. त्यामुळे एखाद्याच्या हाती फक्त गुणोत्तरांचे पान आणि विक्रीचा आकडा आला, तर त्वरित गुणोत्तर त्याला स्वतः काढावे लागते.

समजा विक्री १२ कोटी, विकलेल्या मालाची किंमत ९ कोटी. खेळत्या भांडवलाची उलाढाल ६ पट, म्हणून (ती वर्षअखेरच्या शिलकीवर काढली असेल तर) भांडवल २ कोटी. चालू गुणोत्तर १.५, म्हणून देणी ४ कोटी आणि चालू मालमत्ता ६ कोटी. मालसाठ्याची उलाढाल ५ पट, म्हणून मालसाठा १.८० कोटी. त्वरित गुणोत्तर ४.२० भागिले ४, म्हणजे १.०५. सुरेख वाटते. पण मालसाठ्याची उलाढाल बहुधा वर्षारंभ आणि वर्षअखेर यांच्या सरासरीवर काढलेली असते. मागच्या वर्षअखेरचा साठा १.२० कोटी असेल, तर सरासरी १.८० येण्यासाठी यंदाचा २.४० कोटी असायला हवा. मग त्वरित गुणोत्तर ०.९० होते. कंपनी एकाच्या वर आहे की खाली, हेच उलटले. टिपेत ‘सरासरी’ हा शब्द आहे का, हे आधी शोधायचे, भागाकार नंतर.

बँकांनी या प्रश्नावर आपापल्या परीने तोडगे काढले आहेत. १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेपैकी किमान २५ टक्के रक्कम दीर्घ मुदतीच्या पैशातून यावी, असे होते. शंभराच्या मालमत्तेवर पंचाहत्तरची देणी; १०० भागिले ७५, म्हणजे १.३३. बँकेत आजही कानावर पडणारा ‘१.३३’ तो हाच. पण लहान उद्योगाकडे असा ताळेबंद असतोच कुठे? १९९१ साली नेमलेल्या नायक समितीने त्यामुळे ताळेबंद जवळपास बाजूला ठेवून उलाढालीवर हिशेब बसवला. अंदाजी वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागेल असे धरायचे, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. व्यापाऱ्यांची उधारी नाही असे मानले, तर २५ भागिले २०, म्हणजे १.२५ चे चालू गुणोत्तर या सूत्राच्या पोटात आधीच बसलेले आहे. ही पद्धत सोयीची आहे, पण तिचे गुणोत्तर कुठल्याही दुकानात मोजलेले नाही. ते गृहीत धरलेले आहे, आणि ते दुकानाचे खरे गुणोत्तर समजून वापरणे मला धोक्याचे वाटते.

आता दप्तर खरोखर नाहीसे होते तेव्हाचे पाहू. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतल्या मालाबरोबर वह्या आणि संगणकही गेले. अशा एका पाइप, रंग आणि नळजोडणीचे सामान विकणाऱ्या दुकानाची कल्पना करू. आकडे माझे आहेत, रीत प्रत्यक्षातली.

पहिला धागा दुकानाबाहेर सापडतो. आधीच्या विवरणपत्रांत वर्षअखेरचे आकडे असतात. अनुमानित नफ्यावर कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याच्या विवरणपत्रातही मालसाठा, ऋणको, धनको आणि हातची रोख विचारलेली असते. म्हणजे नेमके आपल्या दोन गुणोत्तरांचे सामान. अडचण वेळेची आहे. मार्च २०२१ चे विवरणपत्र जुलैत अनेकांनी भरलेले नव्हते, तेव्हा मार्चअखेरचे आकडे कर सल्लागाराच्या संगणकातून किंवा बँकेला दिलेल्या मालसाठ्याच्या मासिक पत्रकातून घ्यावे लागतात. समजा तिथून मार्चअखेरचा साठा १८ लाख आणि ऋणको ६ लाख मिळाले.

एप्रिलपासूनची खरेदी जीएसटीच्या पोर्टलवर मिळते, कारण ती पुरवठादारांनी स्वतः दाखवलेली असते : करापूर्वी २२ लाख. विक्री जूनपर्यंतच्या विवरणात २४ लाख. जुलैचे पहिले तीन आठवडे मात्र कुठल्याच विवरणात नाहीत; तिमाही विवरण भरणाऱ्याचे ते ऑक्टोबरात आले असते. तिथे बँकेत झालेल्या भरण्यावरून ६ लाखांचा अंदाज घ्यावा लागतो. एकूण विक्री ३० लाख. मागच्या वर्षांत ठोक नफा विक्रीच्या २० टक्के होता असे धरले, तर गेलेल्या मालाची मूळ किंमत २४ लाख. १८ अधिक २२ उणे २४ : पुराच्या आदल्या दिवशीचा साठा १६ लाख. नफा १६ टक्के असता तर साठा १४.८ लाख आणि २४ टक्के असता तर १७.२ लाख. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये निर्बंध होते, जुन्या वर्षांचा नफ्याचा दर तसाच टिकला असेल याची खात्री नसते. म्हणून हा पट्टा लिहून ठेवायचा.

ऋणकोंचा हिशेब करासह करायचा, हे इथे पुष्कळदा विसरले जाते. माल कराशिवाय मोजतो, पण गिऱ्हाईक १८ टक्के करासकट पैसे देणे असते. ३० लाखांची विक्री करासह ३५.४ लाख. त्यात जुने ६ लाख मिळवून वसूल झालेले ३४.४ लाख वजा केले की ७ लाख येणे. रोख ५० हजार. देण्याच्या बाजूला पुरवठादारांकडून लेखी खातेउतारे मागवून ९ लाख, बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचे ५ लाख, कर आणि इतर मिळून १ लाख. एकूण १५ लाख.

चालू गुणोत्तर २३.५ भागिले १५, म्हणजे १.५७, नफ्याच्या दराप्रमाणे १.४९ ते १.६५. त्वरित गुणोत्तर ७.५ भागिले १५, म्हणजे ०.५, आणि नफ्याचा दर काहीही धरला तरी ते बदलत नाही. पुनर्रचनेत त्वरित गुणोत्तर या कारणाने जास्त भरवशाचे ठरते : त्यातला सर्वांत अंदाजी आकडा, मालसाठा, बाजूला पडलेला असतो.

आता पाणी ओसरले. १२ लाखांचा माल चिखलात गेला, ४ लाखांचा वाचला. चालू मालमत्ता ११.५ लाख, चालू गुणोत्तर ०.७७. त्वरित गुणोत्तर अजून ०.५च. पण नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेले कराचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावे लागते. १२ लाखांवर १८ टक्के, म्हणजे २.१६ लाखांचे नवे देणे. देणी १७.१६ लाख झाली, चालू ०.६७, त्वरित ०.४४. जुन्या ताळेबंदात हे देणे कुठेच नव्हते, म्हणून जुनी गुणोत्तरे सापडली असती तरी ती सांगू शकली नसती. विमा असेल तर दाव्याची रक्कम येईल, पण सर्वेक्षक किती मंजूर करेल हे कळेपर्यंत ती त्वरित मालमत्तेत घालण्याची घाई मी करणार नाही.

आणि मग ते ७ लाख. त्वरित गुणोत्तराची मांडणीच अशी आहे की माल संशयास्पद आणि येणे विश्वासाचे. पुरात हे उलटते. ज्यांच्याकडून पैसे यायचे ते प्लंबर, लहान कंत्राटदार, शेजारचे दुकानदार त्याच पाण्यात होते. त्यातले निम्मे जरी अडकले तरी त्वरित गुणोत्तर ४ भागिले १७.१६, म्हणजे ०.२३ वर येते.

येणे कुणाकडे किती, हे बेरजेतून कळत नाही. जीएसटी क्रमांक असलेल्या गिऱ्हाइकांची जूनपर्यंतची बिले विवरणात क्रमांकानिशी सापडतात. क्रमांक नसलेल्यांची विक्री तिथे एकत्र बेरजेतच नोंदलेली असते. त्यांची नावे उधारीच्या वहीत होती आणि ती वही भिजून लगदा झालेली. मग दुकानदाराला आणि त्याच्या गल्ल्यावरच्या माणसाला वेगवेगळे बसवून, एकमेकांना न दाखवता, आठवतील ती नावे आणि रकमा लिहायला सांगतात. दोन्ही याद्यांत जुळणारी नावे पहिल्यांदा घेतात आणि त्या लोकांना फोन करून रक्कम कबूल करून घेतात. कबूल झालेल्या रकमांची बेरीज सात लाखांपर्यंत पोचली नाही, तर जेवढी कबूल झाली तेवढीच भागाकारात घालायची.